प्लग घालूनही कानात शिट्टी वाजते? वादक आणि साऊंडवाल्यांनो, या चुका टाळा

लग्नसराईतला अमळनेरकडचा हळदीचा कार्यक्रम. संध्याकाळी सहा ते रात्री दहा, पूर्ण चार तास ऑर्केस्ट्रा. मी मिक्सरवर होतो. सामान गाडीत भरताना आमचा कीबोर्डवाला जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, मना कानमा शिट्टी वाजी राहिनी. प्लगना काही उपयोग नही."

त्याने फोमचे प्लग घातले होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. मग शिट्टी का? मी विचारलं, मधे काढले होते का? निवेदक बोलायला आला तेव्हा एकदा, नवरदेवाचे मित्र फर्माईश घेऊन आले तेव्हा एकदा, आणि दोन गाण्यांत "हाय ऐकू येईनात" म्हणून. सगळं मिळून साधारण पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांतच सगळा हिशेब बिघडला होता.

चूक पहिली: "थोडा वेळच तर काढला"

कानाला किती आवाज किती वेळ चालतो, यासाठी मी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची मर्यादा धरतो. ८५ डीबीए आवाजात ८ तास. पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं.

त्या रात्री कीबोर्डच्या जागी, ड्रम आणि मॉनिटरच्या मधे, सरासरी १०० डीबीए होता. प्लग नसता तर चार तासांत दिवसाच्या मर्यादेच्या सोळा पट आवाज कानात गेला असता. प्लगमुळे १५ डीबी कमी झाले असं धरू, म्हणजे कानापर्यंत ८५ पोहोचला. ८५ ला आठ तास चालतात, तेव्हा चार तासांत मर्यादेचा ५० टक्के भाग वापरला जातो. इथपर्यंत उत्तम.

आता पंधरा मिनिटं प्लग बाहेर. १०० डीबीएला पंधरा मिनिटं म्हणजे एकट्यानेच पूर्ण १०० टक्के. उरलेल्या पावणेचार तासांचे ४७ टक्के. बेरीज १४७. पंधरा मिनिटांनी मात्रा जवळजवळ तिप्पट केली. म्हणून बोलायचं असेल तर स्टेजवरून खाली उतरा, स्पीकरपासून लांब जा आणि मग काढा. वाजणाऱ्या स्टेजवर प्लग काढू नका.

जाता जाता एक सांगतो. अमेरिकेतल्याच ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या तक्त्यात १०० डीबीएला २ तास दिलेले दिसतील. तो ९० पासून सुरू होतो आणि दर ५ डीबीला वेळ निम्मा करतो, म्हणून बराच सैल आहे. कानावर पोट असणाऱ्याने तो धरू नये. रात्री दहाचा नियम शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे. दहाला बंद केलं म्हणून तुमचे कान वाचले, असं होत नाही.

चूक दुसरी: हातात येईल तो प्लग

कीबोर्डवाल्याने प्लग काढला, त्याचं खरं कारण हेच. फोमचा प्लग उंच स्वर जास्त खातो आणि खालचे त्या मानाने कमी. झांज, हाय-हॅट आणि गायकाच्या शब्दांची धार जाते, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. कारखान्यात ते चालतं, पण वाजवणाऱ्याला चालत नाही. तो बोटावर जोर देतो, मॉनिटर वाढवायला सांगतो, आणि शेवटी प्लग काढतो.

संगीतासाठीच्या प्लगमध्ये छोटा फिल्टर असतो. तो सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतो, त्यामुळे सूर तोच राहतो, फक्त लांबून आल्यासारखा वाटतो. तयार मिळणाऱ्या प्लगला एकावर एक अशा मऊ पाकळ्या असतात. दुसरा प्रकार कानाचा साचा घेऊन बनवलेला. त्यात ९, १५ आणि २५ डीबीचे फिल्टर बदलता येतात. कीबोर्ड आणि मिक्सरवाल्याला बहुधा १५, ड्रमवाल्याला २५. गायकाला ९ पासून सुरुवात बरी, कारण कान बंद झाला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो.

आणि कापसाचा बोळा? आपला भाग कापसाचा, त्यामुळे कुणीही पटकन कानात बोळा सारतो. त्याने आवाज फारच थोडा कमी होतो. फक्त काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि माणूस स्पीकरसमोर जास्त वेळ उभा राहतो.

चूक तिसरी: अर्धवट घातलेला प्लग

फोमच्या पाकिटावर ३० लिहिलं असेल तर प्रत्यक्षात १५ धरा. वरच्या हिशेबात मी तेच केलं. प्रयोगशाळेत प्लग नीट बसवून मोजतात, स्टेजमागे घाईत तसा बसत नाही.

फोम बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली नळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. पाकळ्यांचा प्लगही कान असाच ओढून घाला. तो मापाने सैल असेल तर आकडा कितीही मोठा असो, फट राहते. मग तळहातांनी दोन्ही कान घट्ट झाका. झाकल्यावर आवाज ठळकपणे कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. मे महिन्यात घामाने प्लग हळूहळू सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने ही परीक्षा पुन्हा करा.

चूक चौथी: प्लग घालून मिक्स, पण सवय नसलेल्या कानाने

ही आम्हा मिक्सरवाल्यांची. आवाज कमी झाला की आपल्या कानाला बेस अधिकच पातळ वाटतो. फिल्टर सगळे स्वर सारखे खाली आणत असला तरी कानाचा हा स्वभाव सुटत नाही. मग हात सबकडे जातो आणि पहिल्या रांगेतली माणसं हादरतात. उपाय असा: साऊंडचेकला ओळखीचं एक गाणं मध्यम आवाजात आधी मोकळ्या कानाने नीट लावा, मग सेटिंगला हात न लावता प्लग घालून तेच ऐका. बेस किती पातळ वाटतो ते लक्षात ठेवा आणि रात्रभर तेवढाच पातळ राहू द्या. मला याची सवय व्हायला सात-आठ कार्यक्रम लागले.

मोजण्यासाठी आयफोनवर `NIOSH SLM` हे मोफत ॲप आहे. मीटर मिक्सरपाशी न धरता वादकाच्या कानापाशी धरा आणि क्षणाचा आकडा न बघता `LAeq`, म्हणजे सरासरी, वाचा. अँड्रॉइडचे माइक फोनागणिक वेगळे असतात, त्यावरचा आकडा अंदाज म्हणूनच घ्या.

नुकसान झालं का, हे कसं ओळखाल

कार्यक्रमाला जाताना, बंद उभ्या गाडीत, रेडिओवरचं बोलणं जेमतेम कळेल इतका आवाज ठेवा आणि आकडा लक्षात ठेवा. परतताना सामान भरून झालं की त्याच आकड्यावर ऐका. शब्द कळत नसतील, तर प्लग असो वा नसो, आज मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी कान शांत ठेवा. शिट्टी किंवा जडपणा दोन दिवसांत गेला नाही, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. तपासणीच्या आधीची रात्र कार्यक्रमाची नको. आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला तर तो बहुधा आवाजाने पडलेला असतो. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर मात्र दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. त्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.