आचारसंहितेतील हितसंबंध आणि भेटवस्तूंची कलमे लिहिताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची नियमावली तपासण्यासाठी माझ्याकडे आली, ती एका फसलेल्या चौकशीनंतर. नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची खरेदी चालू असताना कंपनीच्या ग्रेडरने स्वतःच्या साळ्याचा १८ क्विंटल माल पाहिला आणि पावतीवर ओलावा १२ टक्के लिहिला. काट्यावर बसणाऱ्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे मॉइश्चर मीटरवर १४ चा आकडा दिसत होता. कंपनीच्या नियमाप्रमाणे १२ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कट धरला जातो. म्हणजे ३६ किलोंचा कट चुकला आणि ४,४०० रुपये भावाने १,५८४ रुपये कंपनीच्या, अर्थात इतर सभासदांच्या, खिशातून गेले.

संचालकांनी ग्रेडरला नोटीस दिली. नोटिशीत आधार होता नियमावलीच्या या कलमाचा: "सर्व कर्मचाऱ्यांनी सचोटीने वागावे व हितसंबंधांचा संघर्ष टाळावा." ग्रेडरने उत्तर दिले की साळा हा त्याच्या कुटुंबात मोडत नाही, नातेवाइकाचा माल तपासू नये असे कुठेही लिहिलेले नाही, आणि तो आपला साळा आहे हे व्यवस्थापकासह गावातील सर्वांना ठाऊक होते. मीटरमध्ये आकडा साठवलेला नव्हता. त्यामुळे एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा राहिला आणि नोटीस मागे घ्यावी लागली. ग्रेडर दोषी होता की नाही याबद्दल मी आजही खात्रीने सांगू शकत नाही, परंतु कलम दोषी होते याबद्दल मला शंका नाही.

गुण सांगणारे कलम, कृती न सांगणारे

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. "सचोटीने वागावे", "कंपनीच्या हिताला बाधा येईल असे करू नये" ही वाक्ये वाचायला चांगली वाटतात, पण त्यांचा भंग कधी झाला हे कोणत्याही कागदावरून दाखवता येत नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. एल. कालरा विरुद्ध प्रोजेक्ट अँड इक्विपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला. कर्मचाऱ्याने सचोटी राखावी ही ढोबळ अपेक्षा वेगळी आणि नियमात गैरवर्तन म्हणून नेमके नमूद केलेले कृत्य वेगळे. यादीत नसलेले कृत्य केवळ त्या अपेक्षेच्या आधारे गैरवर्तन ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. लहान कंपनीनेही हे ध्यानात घेऊनच शब्द निवडावेत.

आम्ही ते कलम असे बदलले: "ज्या मालात किंवा बिलात कर्मचाऱ्याचा अथवा कलम २ मधील जवळच्या व्यक्तीचा पैसा गुंतलेला आहे, त्या मालाची प्रतवारी, वजन, भावनिश्चिती किंवा त्या बिलाची मंजुरी त्या कर्मचाऱ्याने करू नये. असा माल आल्यास त्याने वजनापूर्वी व्यवस्थापकास सांगावे व पावतीवर दुसऱ्या कर्मचाऱ्याची सही घ्यावी. असे न करणे हे गैरवर्तन आहे, मग नुकसान झालेले असो वा नसो."

या कलमातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. खोटा आकडा सिद्ध करणे अवघड असते, कारण सोयाबीन दोन दिवसांत इतर ढिगात मिसळून जाते आणि मोजायला काही उरत नाही. मात्र साळ्याच्या नावाच्या पावतीवर ग्रेडरची सही आहे, ही गोष्ट वर्षभरानंतरही कागदावर दिसते. कलम असे लिहावे की चौकशी अधिकाऱ्याला ओलाव्याच्या वादात शिरावेच लागू नये, पावती पाहणे पुरेसे व्हावे.

नात्यावरच बंदी घालणे, किंवा नाते मोघम ठेवणे

शहरातील कंपनीची नियमावली उतरवून घेतली की त्यात "नातेवाइकांशी व्यवहार करू नये" असे वाक्य येते. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात सभासदांपैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या कर्मचाऱ्याच्या सोयरिकीतले असतात. त्यांचा माल घेतला नाही तर कंपनी कोणाकडून खरेदी करणार? असा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडतो, आणि पुढे एखाद्यावरच कारवाई केली की तो योग्यच विचारतो, "मग मलाच का?" म्हणून बंदी नात्यावर नसावी, त्या नात्याच्या माणसाबाबत निर्णय घेण्यावर असावी.

आता "जवळची व्यक्ती" कोण, हे कलम २ मध्ये नावानिशी लिहावे. पती किंवा पत्नी, आईवडील, सासूसासरे, मुले, सून, जावई, भाऊ, बहीण, भावजय, साळा, साळी, मेहुणा, नणंद, दीर, साडू आणि व्याही. यादी लांब वाटली तरी चालेल, कारण अशी यादी नसल्यानेच वरच्या प्रकरणात साळा बाहेर राहिला.

नात्यापेक्षाही अधिक वेळा सुटून जातो तो पैशाचा संबंध. शेत सातबाऱ्यावर आईच्या नावे असते आणि पीक कर्मचारीच घेतो. कोणी दुसऱ्याचे शेत मक्त्याने किंवा बटईने करतो आणि माल मूळ मालकाच्या नावाने काट्यावर येतो. एखाद्या व्यापाऱ्याकडून मुलीच्या लग्नासाठी उसने पैसे घेतलेले असतात, किंवा त्याच्या कर्जाला कर्मचारी जामीन राहिलेला असतो. पत्नीच्या नावे कृषी केंद्राचा परवाना असतो आणि कंपनी त्याच केंद्राकडून बियाणे घेते. या चारही गोष्टी कलमात स्वतंत्रपणे लिहाव्यात, कारण यांपैकी कोणतीही नात्याच्या यादीत सापडणार नाही.

रुजू होताना एकदाच घेतलेले घोषणापत्र

बहुतेक ठिकाणी नोकरीच्या पहिल्या दिवशी अशी नाती आणि पैशाचे संबंध लिहून सही घेतली जाते, कागद फाईलला लागतो आणि पुन्हा उघडला जात नाही. मक्ता मात्र दर वर्षी बदलतो आणि सोयरिकी दर उन्हाळ्यात होतात. म्हणून घोषणापत्र दर वर्षी खरीप खरेदीच्या आधी, सप्टेंबरअखेर घ्यावे, आणि मध्येच बदल झाल्यास ७ दिवसांत कळवण्याची अट घालावी. कळवणे हा गुन्हा नाही, न कळवणे हा आहे, हे वाक्य कलमात असायलाच हवे. तसे नसेल तर प्रामाणिक माणूसही घाबरून गप्प बसतो.

कळवल्यावर व्यवस्थापकाने ५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे: "तुमच्या सासऱ्यांचा माल या हंगामात अमुक कर्मचारी पाहतील." उत्तर दिले नाही तर कर्मचारी म्हणतो की मी सांगितले होते, कंपनीने काही केले नाही, आणि त्याचे म्हणणे खरे असते. ग्रेडर एकच असेल तर अशा मालाचा नमुना व्यवस्थापकासमोर काढून मीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. एवढी सोय लहान कंपनीलाही जमते. व्यवस्थापकाने आपले घोषणापत्र अध्यक्षांना द्यावे, आणि हे कलम संचालकांनाही लागू असल्याचे लिहावे.

"किरकोळ भेट चालेल"

किरकोळ म्हणजे किती? ग्रेडरला मिठाईचा डबा किरकोळ वाटतो, खरेदी व्यवस्थापकाला मोबाईल. रक्कम लिहावीच, पण केवळ रकमेची मर्यादा लिहिणे ही त्याहून फसवी चूक आहे, कारण ५०० रुपयांची मर्यादा ठेवली की ४९० रुपयांच्या वस्तू दर महिन्याला येऊ लागतात. माझ्या मते पहिला प्रश्न "केवढ्याची" नसून "कोणाकडून" हा आहे. ज्याचा माल, बिल, निविदा किंवा तक्रार कंपनीसमोर प्रलंबित आहे, त्याच्याकडून काहीही घेऊ नये. इतरांकडून एका वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि एकाच देणाऱ्याकडून १२ महिन्यांत १,००० रुपयांपर्यंत वस्तू घेता येईल. रोख रक्कम, फोन-पेवर आलेले पैसे, रिचार्ज, सोने-चांदी आणि खरेदीचे कूपन मात्र कोणाकडूनही, कितीही लहान असले तरी, घेऊ नये.

भेट घरी पोहोचते हे विसरू नये. दिवाळीत फवारणीच्या औषधांच्या कंपनीचा माणूस कार्यालयात येत नाही, तो घरी जाऊन वहिनींच्या हातात पिशवी देतो. त्यामुळे घरातील व्यक्तीने घेतलेली वस्तू कर्मचाऱ्याने घेतली असे मानण्यात येईल, हे लिहावे. ठरावीक पेट्या विकल्यावर मिळणारी सहल किंवा नाणे ही "स्कीम" कंपनीच्या खरेदीवर मिळालेली असते. ती कंपनीच्या नावे जमा व्हावी, कंपनीचे दुकान सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावे नव्हे.

काही जण केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील तरतूद जशीच्या तशी उचलतात. तेथे प्रसंगाने झालेले जेवण, वाहनातून नेणे किंवा सामाजिक पाहुणचार ही भेट मानली जात नाही. एवढेच वाक्य उतरवले तर व्यापाऱ्याच्या शेतावरील दर रविवारची हुरडा पार्टीही पाहुणचार ठरते. आम्ही असे लिहिले: "शेतपाहणीच्या वेळी मिळालेला चहा, फराळ किंवा साधे जेवण घेता येईल. त्याव्यतिरिक्त पुरवठादार अथवा व्यापाऱ्याने दिलेल्या जेवणाची नोंद दुसऱ्या दिवशी करावी." लग्नातील आहेर आणि तेरवीचे जेवण रोखणारा नियम कोणी पाळणार नाही. तेथे फक्त पुरवठादाराकडून आलेला १,००० रुपयांवरील आहेर ७ दिवसांत नोंदवण्याची अट ठेवावी. रोख रकमेवरील बंदीला आहेराच्या पाकिटाचा हा एकमेव अपवाद असल्याचेही लिहावे, अन्यथा दोन कलमे एकमेकांना काटतील.

परत करता न येणाऱ्या वस्तूंचीही सोय हवी. संत्र्यांचे क्रेट कोणी कार्यालयाच्या दारात ठेवून गेला, तर नोंद करून ते सर्वांमध्ये वाटावे आणि देणाऱ्याला तसे कळवावे. नोंदवहीत तारीख, देणारा, वस्तू, अंदाजे किंमत, तिचे काय केले आणि सही, एवढे सहा रकाने पुरेसे आहेत. दिवाळीनंतरही ही वही कोरी असेल, तर भेटी आल्या नाहीत असे समजू नये. कलम कोणी वाचलेले नाही, किंवा नोंद केल्यास बोलणी बसतील अशी भीती आहे, असे समजून चौकशी करावी.

"कडक कारवाई करण्यात येईल"

येथे थोडक्यात सांगता येते. उशिरा केलेल्या नोंदीला लेखी समज, घोषणापत्र लपवल्यास चौकशी, रोख घेतल्यास चौकशीअंती बडतर्फीपर्यंत कारवाई, असे टप्पे लिहावेत. आरोप लेखी द्यावा, उत्तराला ७ दिवस द्यावेत, आणि ज्याने तक्रार केली त्याने चौकशी करू नये. नुकसानीची रक्कम परस्पर पगारातून कापण्याचे कलम घालू नये, कारण पगारातील कपातीवर कायद्याची बंधने आहेत. तक्रार व्यवस्थापकाविरुद्ध असेल तर ती कोणत्या संचालकाकडे द्यायची, तेही पदानिशी लिहावे.

वरील कंपनीत नवी कलमे मराठीतून वाचून दाखवली तेव्हा सर्वांत पहिले घोषणापत्र त्याच ग्रेडरने दिले. त्यात साळा होता, दोन चुलत सासरे होते आणि कोणालाच माहीत नसलेले मक्त्याचे तीन एकर शेतही होते. चुलत सासरे आमच्या यादीत नव्हते. ते आम्ही त्याच दिवशी घातले.