एअरपोर्टच्या करन्सी बोर्डचा फोटो कसा वाचायचा

परवा ताईने मुंबई एअरपोर्टवरून बोर्डचा फोटो पाठवला, डॉलरसमोर बाय 79 आणि सेल 92, खाली मोठ्या अक्षरात ‘झिरो कमिशन’, आणि विचारलं की मला 79 ला मिळेल ना? नाही मिळणार, कारण बोर्ड काउंटरच्या बाजूने लिहिलेला असतो. बाय म्हणजे ते आपल्याकडून घेणार, सेल म्हणजे ते आपल्याला विकणार. परदेशी निघालात तर फक्त सेलचा आकडा बघा.

मग एवढं करा:

1. मोबाईलवर त्या दिवसाचा रेट बघा. तेव्हा 86 होता, म्हणजे एका डॉलरमागे 6 रुपये आधीच गेले. कमिशन लपतं ते इथेच.
2. पैसे देण्याआधी विचारा, ‘300 डॉलरचे सगळं धरून किती?’ रेटने 27,600 होतात, पण ताईला सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी धरून 28,200 सांगितले.
3. त्या रकमेला 300 ने भागा. 94 आले, हाच तुमचा खरा रेट. 86 ने 25,800 झाले असते, म्हणजे 2,400 जास्त.

ताईने मग तिथे टॅक्सीपुरतेच 50 डॉलर घेतले, पण फिक्स चार्ज असेल तर थोड्या रकमेवर तो जास्त बोचतो म्हणून तेव्हाही भागाकार करायचाच.

एक सांभाळा, येनसारख्या करन्सीचा रेट काही बोर्डांवर 100 युनिटचा असतो, फोटो झूम करून ती बारीक ओळ वाचा नाहीतर सगळा हिशोब चुकेल.