दोन शहरांतलं अंतर मनात काढताना या चुका टाळा

लातूर ते नागपूर किती, असं विचारलं की आमच्याकडे निम्मे लोक मनातल्या मनात आधी छत्रपती संभाजीनगर गाठतात. तिथली अंतरं सगळ्यांना पाठ असतात, म्हणून कुठलाही हिशोब तिथूनच सुरू होतो. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी.

नात्यातल्या एका लग्नाचं वऱ्हाड लातूरहून नागपूरला निघणार होतं. बस ठरवायला गेलेल्या काकांनी उभ्या उभ्या आकडा काढला: लातूर ते संभाजीनगर साधारण २६५, तिथून नागपूर ४८०, म्हणजे साडेसातशे. जाऊन-येऊन १५०० किलोमीटरचे ठोक पैसे ठरले. सोळा तास लागतील म्हणून दुपारी दोनला बस काढली. ड्रायव्हरने गाडी सरळ अहमदपूर, लोहा, नांदेड अशी घातली. पुढे हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत रात्री दीडला वऱ्हाड नागपुरात, आणि मंगल कार्यालयाला कुलूप. म्हाताऱ्या माणसांनी बॅगांवर बसून उजाडायची वाट पाहिली. मीटरवर अंतर पाचशेच्या आत होतं. पैसे मात्र ठोक ठरलेले, ते काही परत मिळाले नाहीत.

काकांचे दोन्ही आकडे बरोबर होते. चुकलं ते मधलं गाव. दोन अंतरांची बेरीज म्हणजे जास्तीत जास्त किती, एवढंच कळतं. वजाबाकी केली तर कमीत कमी किती ते कळतं. इथे ती मर्यादा २१५ ते ७४५ अशी निघते, म्हणजे हाती काहीच लागत नाही. मधलं गाव खरोखरच वाटेवर असेल तरच बेरीज खरी ठरते.

ते ओळखायला मी एकच गोष्ट करतो. मनाने मधल्या गावात उभं राहून एका शहराकडे तोंड करायचं आणि दुसरं कुठे येतं ते बघायचं. संभाजीनगरात नागपूरकडे तोंड केलं तर लातूर उजव्या हाताला येतं. हाताला आलं की ते गाव सोडून द्यायचं. नांदेडात नागपूरकडे, म्हणजे ईशान्येला तोंड करा, लातूर पाठीमागे येतं. पाठीमागे आलं की खुशाल बेरीज करा: लातूर-नांदेड १४०, नांदेड-नागपूर अंदाजे ३४५, एकूण ४८५. दुसरं शहर तोंडासमोरच आलं तर वजाबाकी. ‘नकाशा कशाला, आकडे पाठ आहेत ना’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आकड्यासोबत दिशा पाठ नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या जातीची अंतरं एकत्र मिसळणं. मुंबई-नागपूर कुणी ८३७ सांगतं, कुणी ७०१. दोन्ही खरे आहेत, पण पहिलं रेल्वेचं आणि दुसरं समृद्धी महामार्गाचं; तोही भिवंडीजवळ आमण्याला संपतो, मुंबईत नाही. रस्त्याचा हिशोब करायचा तर सगळे आकडे रस्त्याचेच घ्यावेत.

नकाशावरची सरळ रेघही अशीच फसवते. नांदेड आणि बंगळूर जवळजवळ एकाच रेखांशावर, एकाच्या खाली एक. अक्षांशातला फरक सव्वासहा अंशांच्या किंचित आत. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की ६८५ येतात. नवखा माणूस तेवढ्यावर थांबतो आणि डिझेलचा हिशोब करून मोकळा होतो. मी त्यात चौथाई मिळवतो, मग साधारण ८५५ होतात. आता दुसऱ्या बाजूने पडताळा: नांदेड-हैदराबाद २८०, हैदराबाद-बंगळूर ५७०, बेरीज ८५०. दोन वाटांनी काढलेली उत्तरं इतकी जवळ आली की मी निश्चिंत होतो. पन्नास-साठचा फरक लांबच्या अंतरात चालतो. दोनशेचा पडला तर कुठेतरी दिशा चुकली आहे असं समजून पुन्हा सुरुवात करावी. चौथाईचा हा हिशोब पठारावरचा आहे. मध्ये घाट किंवा मोठं धरण आडवं आलं की वळसा वाढतो.

तासांवरून अंतर काढू नका. नव्या चौपदरी रस्त्याचा तास आणि खड्ड्यांतल्या रस्त्याचा तास यांत दुपटीचा फरक पडतो.

प्रत्येक टप्पा वरच्या शंभरावर नेऊ नका. चार टप्पे तसे नेले की दीड-दोनशे किलोमीटर फुकट वाढतात. टप्पे आहेत तसे मिळवा आणि शेवटी एकदाच गोळाबेरीज करा.

आणि पाठांतराचा सोस नको. पुणे-सोलापूर २५०, सोलापूर-हैदराबाद ३०५, हैदराबाद-नागपूर ५००, संभाजीनगर-पुणे २३५ आणि वर आलेले नांदेडचे आकडे, एवढ्यावर मराठवाड्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक वाटांचा अंदाज येतो.