आई-बाबांचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: वयाची सूट तपासून मग तयारी

सगळ्यात आधी एन-४०० अर्ज भरण्याची तारीख ठरवा. नागरिकत्वाच्या परीक्षेत वयाची सूट त्याच दिवशीचं वय आणि त्याच दिवशीची ग्रीन कार्डची वर्षं पाहून मिळते. मुलाखतीपर्यंत वय पूर्ण झालं तरी त्याचा उपयोग नाही. महिनाभर थांबून सूट मिळणार असेल तर खुशाल थांबा.

मग ग्रीन कार्ड कधीपासूनचं आहे ते कार्डावरच पाहा. वय ५० पूर्ण आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं वास्तव्य, किंवा वय ५५ पूर्ण आणि १५ वर्षं वास्तव्य, यांपैकी एक जोडी पूर्ण बसली की इंग्रजीची परीक्षा माफ होते. इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा माफ होत नाही. ती मराठीतून देता येते, एवढंच. वय ६५ पूर्ण आणि २० वर्षं असतील, तर त्यावर आणखी एक सवलत: तारांकित २० प्रश्नांचाच अभ्यास करायचा, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर यावे लागतात.

घोळ होतो तो इथेच. समजा आई ६६ वर्षांची आहे आणि ग्रीन कार्डला १७ वर्षं झाली आहेत. पासष्टी उलटली म्हणून घरचे २० प्रश्न पाठ करून घेतात. पण २० वर्षं भरलेली नाहीत, त्यामुळे तिला ५५-१५ चाच नियम लागू. इंग्रजी माफ, प्रश्न मात्र पूर्ण यादीतून. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर गेला असेल तर यादी १२८ प्रश्नांची. २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. हीच आई १२ वर्षांपूर्वी आली असती तर वय कितीही असो, इंग्रजीसुद्धा द्यावी लागली असती.

सवलतीसाठीची १५ किंवा २० वर्षं सलग नसली तरी चालतात, वास्तव्याची बेरीज भरावी लागते. मात्र शेवटच्या ५ वर्षांची अट वेगळी आणि तिला वयाची सूट नाही: त्यात किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत, आणि एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरतात. नातवंडांसाठी पुण्यात सात महिने राहिलेल्या आजी-आजोबांचा अर्ज इथे अडकतो. पासपोर्टचे शिक्के पाहून प्रत्येक फेरीच्या तारखा लिहून काढा.

दोन्ही परीक्षा माफ करणारा मार्ग एकच, एन-६४८ हा वैद्यकीय दाखला. तो वय आणि वर्षं न पाहता लागू होतो, पण निव्वळ म्हातारपण किंवा निरक्षरता हे कारण चालत नाही. शिकण्यात किंवा लक्षात ठेवण्यात अडथळा आणणारा, किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकेल असा आजार अमेरिकेतल्या परवानाधारक डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने नोंदवावा लागतो.

इंग्रजी माफ असेल तर दुभाषा आपणच न्यायचा, त्याचं ओळखपत्र बरोबर ठेवायचं. आईचं उत्तर अडलं की शेजारून हळूच सुचवायची सवय असलेला माणूस नेऊ नका. बोललेलं जसंच्या तसं सांगणाराच हवा.