‘सुखदायक म्हणजेच चांगले’? खुल्या प्रश्नाचा युक्तिवाद मांडताना या चुका टाळा

तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी 1903 च्या ‘प्रिन्सिपिया एथिका’ या ग्रंथात खुल्या प्रश्नाचा युक्तिवाद मांडला. ‘चांगले’ या शब्दाची व्याख्या सुखासारख्या नैसर्गिक गुणाने करता येत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. उत्तरपत्रिकेत तो बहुधा ‘खुला’ या शब्दापाशीच घसरतो.

‘प्रश्न खुला आहे’ म्हणजे त्यावर लोकांचे एकमत नाही, असे लिहू नका. तसे असते तर सर्वांचे एकमत होताच युक्तिवाद कोसळला असता. ‘तो तिचा आतेभाऊ आहे, पण तिच्या आत्याचा मुलगा आहे का?’ असे कोणी विचारले, तर त्याला शब्दच कळलेला नाही असे आपण म्हणतो. हा बंद प्रश्न. आता ‘दुसऱ्याची फजिती पाहून हसणे सुखदायक आहे, पण ते चांगले आहे का?’ हा प्रश्न घ्या. उत्तर ‘हो’ असो वा ‘नाही’, विचारणाऱ्याला मराठी येत नाही असे कोणी म्हणणार नाही. खुलेपणा तो एवढाच.

दुसरी चूक म्हणजे ‘सुख चांगले नाही’ असा निष्कर्ष काढणे. सुख चांगले असू शकते, हे मूर नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप व्याख्येला आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता, तर ‘सुखदायक ते चांगले’ हे विधान ‘सुखदायक ते सुखदायक’ एवढेच उरले असते. मग सुखवादी आणि त्याचा विरोधक भांडतात तरी कशावरून?

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. शब्दांचे अर्थ वेगळे, म्हणून गुणधर्मही वेगळे, अशी ती उडी आहे. ‘हे पाणी आहे, पण H₂O आहे का?’ हा प्रश्न रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसासाठी खुलाच असतो, तरी दोन्ही वस्तू एकच. म्हणजे युक्तिवादात एक न बोललेले गृहीतक दडले आहे: दोन शब्द एकाच गुणधर्माचे असतील, तर भाषा जाणणाऱ्याला ते नुसत्या विचाराने कळेल. उत्तरात हे गृहीतक क्रमांक घालून वेगळे लिहा. ते लिहिले नाही, तर निसर्गवाद्यांचे, म्हणजे चांगुलपणा हा नैसर्गिक गुणच आहे असे मानणाऱ्यांचे, पाण्याच्या उदाहरणाचे उत्तर नक्की कशावर घाव घालते, हे परीक्षकाला दिसत नाही.

तत्त्वज्ञ फ्रँकेना यांचा मूरवरचा 1939 चा आक्षेप यापेक्षा वेगळा आहे. दोन्ही एकत्र कालवू नका. त्यांच्या मते, जो ‘चांगले’ आणि ‘सुखदायक’ यांचा अर्थ एकच मानतो, त्याच्या व्याख्येला आधीच दोष म्हणणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच धरून चालणे.

मात्र पाण्याच्या उदाहरणाने निसर्गवादी सुटत नाही. पाण्याशी आपला शब्द जोडला गेला तो नदी-विहिरीतल्या त्या द्रवाच्या संपर्कातून. ‘चांगले’ हा शब्द कोणत्या नैसर्गिक गुणाशी, कोणत्या दुव्याने जोडला गेला, हे त्याला अजून सांगावे लागते.