आधी काय, मग काय: ब्रोमोअ‍ॅनिलिनच्या तीन वाटा

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मला पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलिन बनवायचं होतं. समोर अ‍ॅनिलिनची बाटली होती. अमिनो गट ऑर्थो आणि पॅरा जागा दाखवतो हे पाठ होतं, त्यामुळे सरळ ब्रोमीन घालू, पॅरा मिळेल, थोडं ऑर्थो निघालं तर वेगळं करू, असा माझा हिशेब होता. ४.६५ ग्रॅम अ‍ॅनिलिन म्हणजे मोलचा विसावा भाग. म्हणून ब्रोमीनही मोलचा विसावा भाग, ८ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइडच्या पाण्यात विरघळवून घेतलं. एका रिंगला एकच ब्रोमीन लागावं, एवढ्यासाठी वजन नीट मोजलं होतं.

पहिले काही थेंब पडताच ब्रोमिनचा तांबडा रंग क्षणात गेला आणि पांढरा गाळ दिसू लागला. ना उत्प्रेरक, ना उष्णता. मला वाटलं, किती छान चाललंय. गाळ गाळून, धुऊन, वाळवला. ८.६ ग्रॅम यायला हवा होता, आला पाच ग्रॅमच्या आसपास. पुन्हा स्फटिक करून मेल्टिंग पॉइंट घेतला तर १२० अंशांच्या जवळ. पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलिन ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मॅडमनी आकडा ऐकला आणि फक्त एवढंच सांगितलं, "गाळून निघालेलं पाणी फेकलं नाहीस ना? त्यात अल्कली घाल." घातलं, तर वर तेलकट थर आला आणि अ‍ॅनिलिनचा ओळखीचा वास सुटला. दोन तृतीयांश अ‍ॅनिलिन तसंच शिल्लक होतं.

म्हणजे झालं असं होतं की प्रत्येक रिंगला एक ब्रोमीन मिळण्याऐवजी एक तृतीयांश रिंगांनी तीन-तीन ब्रोमीन घेतले होते. गाळ २,४,६-ट्रायब्रोमोअ‍ॅनिलिनचा होता. अमिनो गट रिंगला इतके इलेक्ट्रॉन पुरवतो की पहिला ब्रोमीन बसल्यावरही ती रिंग पुरेशी उतावीळ राहते आणि दुसरा, तिसरा ब्रोमीन लगेच बसतो. ब्रोमीन मोजून घातल्याने हे थांबत नाही. यातून तयार होणाऱ्या हायड्रोब्रोमिक आम्लाने उरलेल्या अ‍ॅनिलिनचं क्षार केलं आणि ते पाण्यात विरघळून फिल्टरमधून निघून गेलं. वजन, मेल्टिंग पॉइंट आणि तो वास, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते.

त्यानंतर मी कागदावर काम करायला शिकले, ते असं. बेंझिनपासून ब्रोमोअ‍ॅनिलिनपर्यंत जायला तीन पायऱ्या लागतात: नायट्रेशन, ब्रोमिनेशन आणि रिडक्शन. तीन पायऱ्यांचे सहा क्रम होतात. पण रिडक्शन नायट्रो गटाचं करायचं असल्यामुळे ते नायट्रेशनच्या आधी येऊच शकत नाही, म्हणून उरतात तीनच. नायट्रेशन, ब्रोमिनेशन, रिडक्शन. ब्रोमिनेशन, नायट्रेशन, रिडक्शन. आणि नायट्रेशन, रिडक्शन, ब्रोमिनेशन. पहिल्याने मेटा मिळतं, दुसऱ्याने पॅरा आणि सोबत ऑर्थो, तिसऱ्याने माझा पांढरा गाळ. "कोणता अभिकारक वापरू" हा प्रश्न नंतरचा. आधी स्वतःला विचारायचं की नवा गट येतो त्या क्षणी रिंगवर काय बसलेलं आहे. येणाऱ्याची जागा तो ठरवत नाही, आधी बसलेला ठरवतो.

रिडक्शनकडे मी एखाद्या बटणासारखं पाहते. नायट्रो गट रिंगमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. नवा गट त्याच्या ऑर्थो किंवा पॅरा जागी येऊ लागला तर मधल्या अवस्थेतला धनभार नेमका नायट्रो गट जोडलेल्या कार्बनवर येतो, आणि त्या कार्बनला लागूनच नायट्रोचा धनभारित नायट्रोजन असतो. हे कुणाला परवडत नाही, म्हणून मेटा. तोच नायट्रो रिडक्शनने अमिनो झाला की सगळं उलटं होतं: नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉन जोडी धनभार सावरून धरते आणि ऑर्थो-पॅरा जागा सोप्या होतात. एकच नायट्रोजन, पण बटण दाबण्याआधी मेटा दाखवतो आणि दाबल्यावर पॅरा. त्यामुळे क्रम ठरवणं म्हणजे हे बटण ब्रोमिनेशनच्या आधी दाबायचं की नंतर, हे ठरवणं.

मेटा-ब्रोमोअ‍ॅनिलिनची वाट पाहू. बेंझिनचं नायट्रेशन ५०-६० अंशांच्या आत तापमान ठेवून करायचं, म्हणजे दुसरा नायट्रो बसत नाही. मग नायट्रोबेंझिनचं ब्रोमिनेशन, आणि इथे नवखे हमखास अडकतात. अ‍ॅनिलिनमध्ये रंग क्षणात जाताना पाहिलेला असतो, म्हणून नायट्रोबेंझिनमध्ये चिमूटभर लोखंडाचा कीस टाकून थंडच ब्रोमीन घालतात आणि तासभर तांबडा रंग बघत बसतात. नायट्रोने रिंग मंदावलेली असते. लोखंडाच्या उपस्थितीत १४० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, कंडेन्सर लावून, आणि बाहेर पडणारा हायड्रोजन ब्रोमाइड वायू अल्कलीत शोषून घ्यावा लागतो. हुडशिवाय हे करूच नये. मिळतं ते मेटा-ब्रोमोनायट्रोबेंझिन, मेल्टिंग पॉइंट ५४ ते ५६ अंश. शेवटी कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने रिडक्शन. मेटा-ब्रोमोअ‍ॅनिलिन साधारण १७ अंशांना वितळतं, म्हणजे बहुधा ते तेलासारखंच हाती येतं. "स्फटिक का येत नाहीत" म्हणून घाबरू नका.

या रिडक्शनबद्दल एक गोष्ट. हायड्रोजन वायू आणि पॅलेडियम वापरणं स्वच्छ आणि सोपं दिसतं, पण त्यात रिंगवरचा ब्रोमीनही निघून जाऊ शकतो, आणि इतक्या मेहनतीने बसवलेला गट जाऊन हाती साधं अ‍ॅनिलिन येतं. म्हणून हॅलोजन असताना मी कथील किंवा लोखंड आणि आम्ल हीच जोडी घेते. त्यात शेवटी भरपूर अल्कली घालावी लागते. कथिलाचा पांढरा हायड्रॉक्साइड आधी गाळासारखा दिसतो आणि जास्त अल्कलीत परत विरघळतो. तो विरघळेपर्यंत थांबलात तरच अमाइन मोकळं होऊन वेगळं काढता येतं. ब्रोमीन अजून आहे ना, याची चटकन खात्री करायची तर तांब्याची तार लाल तापवा, त्यावर नमुना लावा आणि ज्योतीत धरा. हॅलोजन असेल तर ज्योत हिरवी होते. हिरवी न झाल्यास ब्रोमीन गेला. मात्र थोडा गेला आणि थोडा उरला हे या चाचणीतून कळत नाही, त्यासाठी मेल्टिंग पॉइंटच हवा.

आता पॅरा. पहिल्यांदा ब्रोमिनेशन, मग नायट्रेशन. हॅलोजन हा विचित्र गट आहे: इलेक्ट्रॉन ओढून रिंग थोडी मंदावतो, पण जागा मात्र ऑर्थो आणि पॅराच दाखवतो. मला हा स्वभाव इथे फार उपयोगी वाटतो, कारण ब्रोमोबेंझिन अ‍ॅनिलिनसारखं सुसाट सुटत नाही. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ते थोडं थोडं घालायचं, तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर २,४-डायनायट्रो संयुग तयार होऊ लागतं, आणि ते त्वचेला त्रासदायक आहे. मिश्रण थंड पाण्यात ओतलं की पिवळसर घन मिळतो. शंभरातले साठेक भाग पॅरा, पस्तीस ते चाळीस ऑर्थो, मेटा जेमतेम एक.

हे दोन वेगळे करणं हाच या वाटेचा खरा आनंद. पॅरा-ब्रोमोनायट्रोबेंझिन १२६ अंशांच्या आसपास वितळतं, ऑर्थो ४० च्या जरा वर. पॅराचा रेणू सममित, त्यामुळे स्फटिकात घट्ट बसतो आणि थंड इथेनॉलमध्ये फारसा विरघळत नाही. गरम इथेनॉलमध्ये सगळं विरघळवून सावकाश थंड होऊ दिलं की फिकट पिवळ्या लांब सुया पडतात, आणि ऑर्थो मदर लिकरमध्ये राहतं. पहिल्यांदा त्या सुया पाहिल्या तेव्हा मी फ्लास्क बराच वेळ हातातच धरून होते. घाईने बर्फात बुडवलात तर ऑर्थोही सोबत येतं आणि मेल्टिंग पॉइंट ११५ वगैरे, तोही पसरट, दिसतो. तसं दिसलं तर पुन्हा एकदा स्फटिक करा, रिडक्शनकडे वळू नका. इथे आलेली भेसळ पुढच्या पायरीत वेगळी करणं अवघड जातं.

आणि हाताशी अ‍ॅनिलिनच असेल तर? माझी ती पहिली चूक अर्धी बरोबर होती. अमिनो गटाचा जोर फक्त कमी करायला हवा. अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने त्याचं अ‍ॅसिटॅनिलाइड केलं की नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी कार्बोनिलकडेही वाटली जाते. रिंगवरचा जोर उतरतो आणि गट आकाराने मोठा होतो, म्हणून ऑर्थो जागा अडचणीची ठरते. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात एक मोल ब्रोमीन घातलं तर बहुतेक पॅरा-ब्रोमोअ‍ॅसिटॅनिलाइडच मिळतं, मेल्टिंग पॉइंट १६७ अंशांच्या जवळ. मग आम्लात उकळून अ‍ॅसिटिल गट काढायचा. बेंझिनपासून सुरुवात असेल तर मी ब्रोमोबेंझिनची वाट घेईन, अ‍ॅनिलिनपासून असेल तर ही.

याच गोष्टीची दुसरी बाजू नायट्रेशनमध्ये दिसते. अ‍ॅनिलिनचं थेट नायट्रेशन केलं तर तीव्र आम्लात त्याचा बराच भाग अ‍ॅनिलिनियम आयन होतो. नायट्रोजनची जोडी प्रोटॉनने अडवली की तो ऑर्थो-पॅरा दाखवणारा उरतच नाही, आणि मिश्रणात जवळपास ५१ टक्के पॅरा, ४७ टक्के मेटा आणि २ टक्के ऑर्थो सापडतं. शिवाय बरंच अ‍ॅनिलिन ऑक्सिडाइझ होऊन काळा डांबरासारखा पदार्थ होतो. अ‍ॅनिलिनचा अमिनो गट ऑर्थो-पॅरा दाखवतो हे वाक्य मोकळ्या अमिनो गटासाठीच खरं आहे. माध्यम आम्लधर्मी झालं की रिंगवर काय बसलंय, याचं उत्तरच बदलतं.

फक्त ऑर्थो हवं असेल तर पॅरा जागा आधीच भरून ठेवायची. अ‍ॅसिटॅनिलाइडचं सल्फोनेशन करा, सल्फॉनिक गट पॅरावर बसतो. मग नवा गट ऑर्थोवर जातो. शेवटी पातळ सल्फ्युरिक आम्लात तापवलं की सल्फॉनिक गट आणि अ‍ॅसिटिल दोन्ही निघतात. ऑर्थो-नायट्रोअ‍ॅनिलिन असंच बनवतात. मदर लिकरमधून ऑर्थो काढत बसण्यापेक्षा मला ही लांबची वाट जास्त भरवशाची वाटते.