हळदीच्या पट्टीचा गृहपाठ: उमेदवाराला घरी करायचं काम पाठवताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. माल विकल्यावर खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती रुपये पडतात, त्या हिशेबाला इथे पट्टी म्हणतात. नवीन माणूस घेताना मुलाखतीआधी एक छोटं काम घरी करायला देतो. हे काम तयार करून पाठवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मला वाटलं होतं की प्रश्न चांगला निवडला की झालं. प्रत्यक्षात प्रश्नापेक्षा सोबतच्या मेलनं जास्त घोळ घातला. तुमच्यावर ही जबाबदारी पहिल्यांदाच आली असेल, तर हे वाचून ठेवा.

पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, ‘सोबतच्या फाईलवरून शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्राम करा, दोन-तीन दिवसांत पाठवा.’ एका मुलानं दोन रात्री जागून लॉगिन, रंगीत स्क्रीन, आलेख असं सगळं करून पाठवलं. तासगावहून रोज नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या एका मुलीनं शंभर ओळींचा साधा प्रोग्राम पाठवला. आम्ही त्या मुलाला पुढे बोलावलं. नंतर दोन्ही कामं शांतपणे चालवून पाहिली, तर त्याच्या पट्टीत दर नसलेला सौदा शून्य रुपयांना विकला गेला होता. तिच्या प्रोग्रामनं ती ओळ बाजूला काढून तसं लिहिलंही होतं. तोवर तिनं दुसरीकडे होकार दिला होता. चूक त्या मुलाची नव्हती. किती वेळ द्यायचा आणि आम्ही काय बघणार, हे मी लिहिलंच नव्हतं, म्हणून ज्याच्याकडे वेळ होता त्याचं काम मोठं दिसलं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या लिहिते. एक, काम किती तासांचं आहे. दुसरी, कधीपर्यंत पाठवायचं. ‘तीन दिवसांत’ असं लिहिलं की कुणी त्याचा अर्थ तीन तास घेतो, कुणी तीस. आता मी लिहिते: काम तीन तासांचं, मुदत गुरुवार सकाळपासून सोमवार सकाळी दहापर्यंत. मधे शनिवार-रविवार येतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यालाही बसता येतं आणि गावाकडे वीज गेली तरी अडत नाही.

तीन तास हा आकडा अंदाजानं लिहू नका. प्रश्न न पाहिलेल्या सहकाऱ्याला घड्याळ लावून करायला द्या. आमच्या एकाला दोन तास दहा मिनिटं लागली. हळदीची पट्टी त्याला तोंडपाठ, आणि नवख्याला नुसतं काय करायचंय ते समजून घ्यायलाच अर्धा तास जातो. म्हणून मी नवख्याचा वेळ दुप्पट धरते, म्हणजे इथे चार तासांच्या वर. मग मी पट्टी छापण्याचा भाग काढून टाकला. दुसऱ्या सहकाऱ्याला उरलेलं काम एक तास वीस मिनिटांत जमलं, तेव्हाच मेलमध्ये ‘तीन तास’ लिहिले.

फाईल halad_sauda.csv या नावाची, साठ ओळींची. सगळे सौदे आणि शेतकरी काल्पनिक. गिऱ्हाइकाची खरी वही उमेदवाराला द्यायची नाही आणि त्यानं केलेलं काम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायचं नाही, हे मेलमध्येही स्पष्ट लिहितो. सुरुवात अशी:

```
lot,date,farmer,bags,kg,rate
101,12/02/2024,F07,24,1248,14500
102,2024-02-12,F11,18,927,
```

दर क्विंटलचा. हमाली पोत्याला 12 रुपये, तोलाई 5 रुपये. हे दरही या कामापुरतेच. आकडेमोडीचं एक उदाहरण पूर्ण सोडवून देते, कारण बाजाराची माहिती तपासणं हा आमचा हेतू नाही. लॉट 101 चं वजन 12.48 क्विंटल, गुणिले 14,500, म्हणजे 1,80,960 रुपये. चोवीस पोत्यांची हमाली 288 आणि तोलाई 120 वजा केली की शेतकऱ्याच्या हातात 1,80,552. हे उदाहरण दिल्यापासून क्विंटल-किलोचा गोंधळ करून आलेलं काम मी पाहिलेलं नाही.

दोन तऱ्हेच्या तारखा आणि रिकामा दर मुद्दाम ठेवलाय. पण एक खड्डा माझ्याच निष्काळजीपणाचा होता. आधी फाईलमध्ये लॉट नंबर नव्हता आणि एक ओळ जशीच्या तशी दोनदा होती. ती दुबार नोंद आहे हे उमेदवारानं ओळखावं, अशी माझी अपेक्षा. जतच्या एका मुलाचा मेल आला: ‘मॅडम, एकाच शेतकऱ्याचे सारख्या वजनाचे दोन लॉट असू शकतात ना? मग ही ओळ काढू की ठेवू?’ त्याचं बरोबर होतं. फाईलवरून ते ठरवताच येत नव्हतं. मी लॉट नंबर घालून फाईल सुधारली, सहाही उमेदवारांना एकाच वेळी तेच उत्तर पाठवलं आणि मुदत एक दिवसानं वाढवली. उत्तर फक्त विचारणाऱ्याला दिलं असतं, तर बाकीचे पाच जण जुन्याच फाईलवर झटत राहिले असते. आता मेलमध्ये शंका कधीपर्यंत विचारायच्या तेही असतं: शनिवार दुपारी बारापर्यंत, उत्तर सगळ्यांना संध्याकाळी.

गुण कशाला, हे काम पाठवण्याआधी ठरवायचं आणि उमेदवाराला तसंच कळवायचं. आमचे वीस गुण: बेरीज बरोबर येण्याला आठ, खराब ओळी हाताळण्याला पाच, दुसऱ्याला वाचता येईल अशा कोडला चार, आणि README.txt मध्ये प्रोग्राम कसा चालवायचा व काय गृहीत धरलं हे लिहिण्याला तीन. त्याखाली एक ओळ: स्क्रीनची सजावट आणि न मागितलेल्या सोयींना गुण नाहीत.

नुसते आकडे पुरत नाहीत. ‘खराब ओळी हाताळणे, पाच’ यातून तपासणाऱ्यालाही काही कळत नाही. म्हणून लिहून ठेवलं: प्रोग्राम बंद पडला किंवा चुकीची रक्कम गुपचूप बेरजेत गेली तर शून्य, ओळ वगळली पण सांगितलं नाही तर तीन, लॉट नंबर आणि कारण सांगून वगळली तर पाच.

तपासायला दोघं, नावं झाकून, एकमेकांचे गुण न बघता. एकदा एकाच कामाला मी सतरा दिले आणि सहकाऱ्यानं अकरा. समोरासमोर बसल्यावर कळलं, त्यानं तयार लायब्ररी वापरल्याबद्दल गुण कापले होते. ‘अहो, पण वापरू नका असं आपण कुठे लिहिलंय?’ मी विचारलं. त्यानं गुण परत दिले, आणि पुढच्या मेलमध्ये ‘कोणतीही लायब्ररी चालेल’ ही ओळ आली. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर नियमात काहीतरी सुटलंय असं आम्ही धरतो.

घरी केलेलं काम कुणी केलं, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी पुढे बोलावलेल्यांशी अर्धा तास त्यांच्याच कोडवर बोलतो आणि एक छोटा बदल सांगतो: शेतकऱ्यानं आधी उचल घेतली असेल तर ती पट्टीतून वजा करा. स्वतः लिहिलेल्याला कुठे हात घालायचा ते लगेच सापडतं, बोट थरथरत असलं तरी. दुसऱ्याकडून करून घेतलेला फाईल वर-खाली करत राहतो. हे अर्ध्या तासाचं बोलणं असणार, हेही पहिल्याच मेलमध्ये लिहा. अचानक सांगितलं की चांगली मुलंही गांगरतात.

जतच्या त्या मुलानं उचलीचा बदल करण्याआधी विचारलं, ‘उचल पट्टीच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर?’ यार्डात अशी बाकी पुढच्या सौद्यावर ओढतात. ते त्याला सांगितलं, आणि त्यानं सात-आठ मिनिटांत ते करून दाखवलं. सध्या पट्टीचं काम तोच बघतो.